लाईट गेली आणि इन्वर्टर लागलाच नाही: देवबागच्या घरातला एक बिघाड, मुळापर्यंत

आमचं घर देवबागला. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. इथे खारी हवा दोन्हीकडून येते आणि लोखंड, पितळ, तांबं काहीच सोडत नाही. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ झालं, त्यानंतर आम्ही इन्वर्टर घेतला. 900 व्हीएचा, 12 व्होल्टचा, सोबत 150 एएचची ट्युब्युलर बॅटरी. जागा मिळाली ती पडवीतल्या कोपऱ्यात.

या पावसाळ्याच्या तोंडाला तो लागेनासा झाला. लाईट असली की घरात सगळं नीट चालायचं. इन्वर्टरवर मेन्सचा हिरवा दिवा, पंखे गरगरतायत, काही बिघडलंय असं वाटायचंही नाही. लाईट गेली की मात्र काळोख. ना बीप, ना दिवा. सासरे म्हणाले, "लाईट गेली, पण इन्वर्टर लागूक नाय गो." माझे यजमान मुंबईला असतात. घरात सासरे, मी आणि मुलगी, त्यामुळे मी चुलतदिराला फोन केला. भावजींनी आयटीआयला वायरमनचा ट्रेड केलाय आणि कुडाळला वायरिंगचीच कामं करतात. त्यांच्याबरोबर बसून जे पाहिलं ते सविस्तर लिहिते. आमच्याकडे एकाखाली एक असे दोन बिघाड निघाले आणि त्यातला दुसरा जिवावर बेतणारा होता.

फोनवरच त्यांनी पहिला प्रश्न विचारला: पुढचं बटण चालू आहे ना? हा प्रश्न साधा असला तरी महत्त्वाचा आहे. इन्वर्टरच्या पुढचं बटण बंद असलं तरी बाहेरची लाईट त्याच्यातून आरपार घरात जातच राहते. बंद होतो तो फक्त बॅटरीवरचा भाग. म्हणून कुणी गावाला जाताना बटण बंद केलं आणि परत आल्यावर ते विसरलं, तर लाईट जाईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. आमचं बटण चालूच होतं.

दुसरा प्रश्न: लाईट असताना इन्वर्टर मेन्स दाखवतो की बॅटरीवर चालतो? यावरून कुठल्या बाजूला शोधायचं ते ठरतं. इन्वर्टरच्या मागे लाईट आत घेण्याच्या वाटेवर एक छोटा ब्रेकर किंवा फ्यूज असतो. तो उडाला तर घरात लाईट असूनही इन्वर्टरला ती दिसत नाही. तो बॅटरीवर चालत राहतो आणि बॅटरी संपली की बंद पडतो. मागचं बाहेर आलेलं बटण दाबलं किंवा फ्यूज बदलला की ते सुटतं. आमचं नेमकं उलटं होतं. लाईट आरपार येत होती, बॅटरीकडून काहीच येत नव्हतं. म्हणजे शोधायचं ते बॅटरीपासून इन्वर्टरपर्यंतच्या दोन जाड वायरींच्या वाटेवर.

भावजी रविवारी सकाळी आले. आल्या आल्या त्यांनी मीटरजवळचा मेन स्विच बंद केला. मग इन्वर्टरच्या मागे घराची वायर ज्या प्लगने जोडलेली असते तो प्लग उपटला आणि त्याच्या पिना कशाला लागणार नाहीत असा बाजूला टांगून ठेवला. त्या जागी त्यांनी आपला टेस्ट लॅम्प लावला. होल्डर, 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब, वायर आणि प्लग, बस्स. मी विचारलं, घरचे पंखे लावूनच बघितलं तर? ते म्हणाले, "वहिनी, आधी घराक बाजूक ठेवूया." एका बाजूला फक्त बॅटरी आणि इन्वर्टर, दुसऱ्या बाजूला घराचं वायरिंग, अशी फोड केली की बिघाड कुठल्या अर्ध्यात आहे ते कळतं. ही फोड न करता घर जोडलेलं ठेवूनच चाचणी करण्यात मोठा धोका का आहे, ते पुढे येईलच.

मेन बंद, म्हणजे इन्वर्टरच्या दृष्टीने लाईट गेलेली. बल्ब लागला नाही. घर बाजूला काढूनही लागला नाही, म्हणजे पहिला बिघाड पडवीच्या कोपऱ्यातच होता.

मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टच्या खुणेवर ठेवून भावजींनी बॅटरीच्या दोन खुंटांवर टोकं टेकवली. 12.6 व्होल्ट. चार्जिंग थांबून थोडा वेळ गेल्यावर 12.6 ते 12.7 दिसलं म्हणजे बॅटरी भरलेली आहे. चार्जिंग चालू असताना बघितलं तर 13 च्या वरचा आकडा दिसतो आणि त्यावरून बॅटरी चांगली की वाईट हे कळत नाही, म्हणून थोडं थांबायचं. मग तेच मोजमाप वायरींच्या दुसऱ्या टोकाला, इन्वर्टरच्या मागे घेतलं. शून्य. बॅटरीत वीज आहे, इन्वर्टरपर्यंत पोचत नाही.

आमच्या इन्वर्टरच्या लाल वायरीत बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूजचा होल्डर बाहेरच बसवलेला आहे. काही इन्वर्टरांत हे फ्यूज आतल्या बोर्डावर असतात. ते घरी उघडण्याच्या भानगडीत पडू नये, कारण वायरी काढल्या तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज धरलेली राहते. आमचा बाहेर असल्याने बघता आला. होल्डरच्या बॅटरीकडच्या बाजूला 12.6, इन्वर्टरकडच्या बाजूला काही नाही. म्हणजे फ्यूज गेलेला.

भावजींनी काढलेला फ्यूज माझ्या हातात दिला आणि नीट बघायला सांगितलं. त्याची पट्टी मधोमध तुटलेली नव्हती. खिडकीवर काजळीही नव्हती. एका टोकाला, जिथे बोल्टखाली तो आवळलेला असतो, तिथे प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलं होतं आणि पट्टी तिथूनच सुटली होती. होल्डरच्या त्याच बाजूला हिरवट पांढरी बुकटी जमलेली. शॉर्टसर्किट झालं असतं तर पट्टी मधे उडाली असती आणि आत काळं झालं असतं. टोकाशी वितळणं म्हणजे तिथला जोड तापत होता. फ्यूज करंटने कमी आणि जोडाच्या उष्णतेने जास्त गेला होता. नुसता नवा फ्यूज घालून भागलं नसतं. तोही काही आठवड्यांत तसाच गेला असता.

जोडाला एवढी उष्णता कशी येते, हे त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. आमचा नेहमीचा भार म्हणजे तीन पंखे, पाच एलईडी बल्ब आणि टीव्ही, मिळून साधारण 350 वॅट. घराच्या 230 व्होल्टच्या वायरीत यासाठी दीड अँपिअर वाहतो. पण तेवढीच शक्ती 12 व्होल्टच्या बॅटरीतून काढायची, आणि वर इन्वर्टरची स्वतःची घट धरायची, तर 35 अँपिअर लागतात. आता खाऱ्या हवेने गंजलेल्या जोडात समजा ओहमचा तीन शतांशच रोध आला. घरच्या वायरीत तो कुणाला कळलाही नसता. 35 अँपिअरवर मात्र तिथे एक व्होल्ट गळतो आणि सदतीस वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याचं डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न साधारण एवढ्याच वॅटचं असतं. ते प्लॅस्टिकच्या होल्डरला सतत टेकवून ठेवल्यासारखं झालं.

त्या एका व्होल्टचा दुसराही परिणाम असतो. बॅटरी 12 व्होल्ट देत असली तरी इन्वर्टरला 11 च दिसतात. बॅटरी थोडी उतरली की इन्वर्टर साडेदहाच्या आसपास पोचल्याचं समजून लो बॅटरीचा बीप देतो आणि बंद होतो. मग आपण म्हणतो बॅटरी गेली, आणि दुकानदार नवी देतो. नवी बॅटरी वायरीच्या टोकाच्या त्याच गंजलेल्या थिंबलला, म्हणजे बोल्टखाली आवळायच्या धातूच्या कडीला, जोडली की काही महिन्यांत पुन्हा तेच रडगाणं. आमच्या गावात चांगल्या बॅटऱ्या अशाच टाकून दिल्या गेल्या असणार, असं मला मनापासून वाटतं. म्हणून बॅटरी बदलण्याआधी भार चालू असताना दोन मोजमापं घ्यावीत. एक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर, थिंबलवर नव्हे. दुसरं इन्वर्टरच्या टोकाला. फरक दोन-तीन दशांशापेक्षा जास्त आला तर दोष वाटेत आहे.

साफसफाई अशी केली. इन्वर्टरचं पुढचं बटण बंद, मेन बंदच. हातातल्या बांगड्या आणि अंगठी काढून ठेवायला मला त्यांनी आधी बजावलं, कारण 12 व्होल्टचा शॉक बसत नसला तरी पाना आणि अंगठी दोन खुंटांमध्ये सापडली तर 150 एएचची बॅटरी शेकडो अँपिअर सोडते आणि धातू लालबुंद होतो. पान्याच्या दांड्याला त्यांनी इन्सुलेशन टेप गुंडाळलेला होता. आधी काळी वायर काढली, मग लाल. बॅटरीची सगळी बुचं घट्ट आहेत ना पाहिलं आणि कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ते खुंटांवर ब्रशने लावलं. फसफस झाली, बुकटी विरघळली, मग साध्या पाण्याने पुसून कोरडं केलं. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत गेलं तर आतलं ॲसिड मरतं, म्हणून बुचं बघणं महत्त्वाचं. शेजारी देवघरातली समई पेटलेली होती, तीही आधी विझवली. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन सुटतो.

लाल वायरीचं थिंबल कापून टाकलं तेव्हा आतलं तांबं काळं पडलेलं दिसलं. इन्सुलेशनच्या आतही बोटभर काळं. तेवढा भाग छाटून, चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे जाऊन, कथील चढवलेलं नवं थिंबल क्रिंप केलं. होल्डर नवा घेतला. फ्यूज घ्यायला मी मालवणला गेले तर दुकानात तेवढ्याच अँपिअरचा नव्हता, पुढच्या मापाचा होता. "चालता हो, उलट परत जाणार नाय," असं दुकानदाराने सांगितलं. परत जाणार नाही हे खरं, पण मग पुढच्या वेळी वायर जळेल. फ्यूज वायरीच्या जाडीवरून ठरतो. जुन्यावर छापलेलं माप होतं तेच दुसऱ्या दुकानातून घेतलं.

जोडताना आधी लाल, शेवटी काळी. काळी टेकताच बारीक ठिणगी उडाली आणि मी दचकले. इन्वर्टरच्या आतले कपॅसिटर भरतात म्हणून एकदा उडते ती, बिघाड नव्हे. सगळं आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा थर दिला. आवळण्याआधी मधे नाही, नंतर वरून. धातूला धातू लागायला हवा, व्हॅसलीन फक्त हवा अडवायला.

बटण चालू केलं, टेस्ट लॅम्प लगेच लागला. 12.4 बॅटरीवर, 12.3 इन्वर्टरपाशी. पहिला अर्धा भाग सुटला.

मग लॅम्प काढून घराचा प्लग परत लावला. मेन अजून बंदच होता आणि इन्वर्टरला लाईट देणाऱ्या सॉकेटचं बटणही भावजींनी बंद ठेवलं होतं. एक पंखा फिरला, दुसरा फिरला, आणि इन्वर्टर ओरडायला लागला. ओव्हरलोडचा लाल दिवा. काही सेकंदांनी बंद, पुन्हा स्वतःहून चालू, पुन्हा बीप, आणि शेवटी पूर्ण बंद. पुढचं बटण बंद-चालू केल्याशिवाय तो आता उठत नव्हता. बीप लो बॅटरीचाही असतो आणि ओव्हरलोडचाही, म्हणून नुसता आवाज ऐकून ठरवू नये, दिवा बघावा.

900 व्हीएचा इन्वर्टर सातशे वॅटच्या आसपास पेलतो. आमचा भार त्याच्या निम्मा. मी म्हटलं, मग इन्वर्टरच गेला असेल. पण टेस्ट लॅम्पवर तो शांत चालला होता. आतून गेला असता तर घर काढून ठेवलं तरी ओव्हरलोड दाखवला असता, आणि तसं असतं तर तो उचलून दुरुस्तीला देणं एवढंच हातात राहतं. आमचा इन्वर्टर बरा होता. घर जास्त खेचत होतं.

सगळे पंखे, बल्ब, टीव्ही बटणांवर बंद केले. तरी ओव्हरलोड. तेवढ्यात मुलगी स्वयंपाकघरातून ओरडली, "आई, फ्रीजमधला दिवा लागलाय." भावजी जागेवरून उठले. फ्रीज आमच्या इन्वर्टरच्या लाइनवर नाहीच. मेन बंद असताना तो मेलेला असायला हवा. "मेन बंद आणि फ्रीज चालू? ह्या बरा नाय," एवढंच ते म्हणाले आणि त्यांनी इन्वर्टर लगेच बंद केला.

घराच्या वायरिंगमध्ये दोन फेज असतात असं समजा. एक थेट मेनकडून आलेली, तिच्यावर फ्रीज, पंप, मिक्सर. दुसरी इन्वर्टरच्या मागून निघालेली, तिच्यावर पंखे आणि दिवे. लाईट असते तेव्हा दोन्ही एकच असतात, कारण इन्वर्टर तीच फेज आरपार सोडतो. म्हणून या दोन वायरी चुकून कुठे एकमेकींना जोडल्या गेल्या तरी लाईट असेपर्यंत काहीही दिसत नाही. सगळं चालतं, एमसीबी पडत नाही. लाईट गेली की मात्र इन्वर्टरची वीज त्या जोडातून उलटी मेनच्या लाइनवर जाते. फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू होताना आपल्या नेहमीच्या वॅटच्या कितीतरी पट खेचतो, एकटा तोच ओव्हरलोडला पुरतो. इन्वर्टरचा स्वतःचा इनपुटही याच लाइनवर. त्यामुळे काही वेळा तो आपलीच वीज बघून लाईट आली असं समजतो, मेन्सवर जातो, तिथे काहीच नाही म्हणून परत बॅटरीवर येतो. रिलेची टक-टक टक-टक होत राहते ती त्यामुळे.

आणि मेन स्विच चालू असताना लाईट गेली, तर ही उलटी वीज मीटरमधून सर्व्हिस वायरीवर आणि तिथून खांबावरच्या तारेवर जाते. सगळ्या वाडीचा भार आला म्हणून इन्वर्टर सेकंदात मान टाकेल, पण तो स्वतःहून पुन्हा चालू होतो आणि पुन्हा तार जिवंत करतो. पावसात झाड पडून लाइन तुटली की आमच्याकडचे वायरमन भर पावसात खांबावर चढतात. त्यांच्या दृष्टीने ती तार मेलेली असते. हे ऐकल्यावर तो जोड सापडेपर्यंत इन्वर्टर घराला लावायचा नाही, असं मी ठरवूनच टाकलं.

हाच जोड दुसऱ्या बाजूनेही मारतो. घराचा प्लग इन्वर्टरला लावलेला ठेवून, मेन चालू असताना कुणी फक्त इन्वर्टरचा इनपुट बंद करून चाचणी केली, तर इन्वर्टरची वीज आणि बाहेरची वीज समोरासमोर धडकतात आणि आतले मॉस्फेट, म्हणजे इन्वर्टरचे मुख्य इलेक्ट्रॉनिक स्विच, उडतात. म्हणूनच भावजींनी आधी मेन बंद करून घराचा प्लग काढला होता.

जोड शोधायची त्यांची पद्धत मला फार आवडली, कारण तिला एकही बोर्ड उघडावा लागत नाही. घराचा प्लग इन्वर्टरमधून पुन्हा काढला आणि लोंबकळत ठेवला. मेन चालू केला. आता या प्लगच्या फेजच्या पिनेवर काहीच यायला नको, कारण ती लाइन कशालाच जोडलेली नाही. मल्टिमीटर एसीवर ठेवून त्यांनी पीन आणि न्यूट्रल यांच्यात मोजलं: 228 व्होल्ट. हातात धरलेल्या उघड्या पिनेवर पूर्ण वीज. हे मोजमाप माहीतगारानेच करावं, आणि मुलं आसपास नसावीत. नुसत्या टेस्टरवर विसंबू नये, शेजारच्या वायरींच्या ओढीनेही त्याचा दिवा मिणमिणतो.

मीटर तसाच धरून त्यांनी मला डीबीमधल्या, म्हणजे घराच्या वीजपेटीतल्या, एमसीबी एकेक करून खाली करायला सांगितल्या. स्वयंपाकघर खाली, 228. माडी खाली, 228. पडवीची पॉवरची एमसीबी खाली केली आणि आकडा घसरून दहा-बारा व्होल्टवर आला. तो उरलेला आकडा ओढीचा, त्याने टेस्ट लॅम्प लागत नाही. लावून पाहिला, लागला नाही. म्हणजे जोड पडवीत.

पडवीत आम्ही मागच्या उन्हाळ्यात नवा बोर्ड करून घेतला होता, वाटपाच्या मोठ्या मिक्सरसाठी 16 अँपिअरचं सॉकेट हवं म्हणून. मेन बंद करून तो उघडला. पंखा आणि दिव्याच्या बटणांना इन्वर्टरची फेज आली होती, सॉकेटच्या बटणाला मेनची. दोन्ही वायरी लाल. काम करणाऱ्याने बटणांच्या मागे ओळीने लूप टाकताना शेवटचा तुकडा पंख्याच्या बटणावरून सॉकेटच्या बटणापर्यंत नेला होता. बोटाएवढा तांबडा तुकडा. तेवढ्याने दोन्ही लाइनी एक झाल्या होत्या.

तो तुकडा काढला. इन्वर्टरच्या फेजवर प्रत्येक बोर्डात पिवळा टेप गुंडाळला, म्हणजे पुढे कुणीही बोर्ड उघडला तरी फरक दिसेल. खरं तर एका बोर्डात दोन फेज आणूच नयेत. सॉकेट वेगळ्या पेटीत काढायचं काम दिवाळीनंतर करायचं ठरलंय.

आता पहिला बिघाडही नीट उलगडला. उन्हाळ्यापासून दर वेळी लाईट गेली की इन्वर्टर फ्रीजसकट बाहेरचाही भार ओढायचा, मधेच बंद पडायचा, परत उठायचा. आम्हाला वाटायचं बॅटरी कमी पडते. त्या प्रत्येक झटक्यात बॅटरीच्या वायरीतून सत्तर-ऐंशी अँपिअर किंवा त्याहून जास्त गेले असणार, आणि गंजलेल्या जोडाची उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट दुप्पट, उष्णता चौपट. फ्यूजचं टोक वितळलं ते यातून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र मी पुन्हा भावजींना फोन केला. लाईट होती, शेजारी टीव्ही चालू होता, आणि आमचा इन्वर्टर बॅटरीवर. मी मागचा ब्रेकर बघितला, उडालेला नव्हता. त्यांनी सॉकेटमधलं व्होल्टेज मोजायला सांगितलं. 171. आमचं घर लाइनच्या शेवटाला, संध्याकाळी सगळे दिवे लागले की व्होल्टेज खाली येतं. इन्वर्टरच्या मागे एक छोटी सरकपट्टी आहे, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल. काही इन्वर्टरवर नॉर्मललाच इको म्हणतात. यूपीएसवर असताना इन्वर्टर साधारण 180 च्या खालची लाईट घेतच नाही, कॉम्प्युटर सांभाळायचा म्हणून बॅटरीवर जातो. नॉर्मलवर शंभरच्या आसपासपर्यंत घेतो. आमची पट्टी यूपीएसवर होती. तशीच राहिली असती तर रोज संध्याकाळी लाईट असूनही बॅटरी खर्च झाली असती, चार्ज झाली नसती, आणि रात्री खरोखर लाईट गेली की रिकामी. आमच्याकडे डेस्कटॉप नाही, मुलीच्या लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, म्हणून पट्टी नॉर्मलवर सरकवली. डेस्कटॉप असता तर विचार करावा लागला असता, कारण नॉर्मलवर बदल किंचित सावकाश होतो आणि तेवढ्यात तो रीस्टार्ट होऊ शकतो. शेजारीच बॅटरीच्या प्रकाराचं बटण होतं, ते ट्युब्युलरवर आहे हेही पाहून घेतलं. फ्लॅटवर राहिलं तर ट्युब्युलर बॅटरी पुरती भरत नाही.

शेवटची चाचणी सासऱ्यांच्या समोर केली. मेन बंद. तीन पंखे, पाच दिवे, टीव्ही, सगळं चालू. फ्रीजचं दार उघडलं, आत अंधार. ओव्हरलोडचा दिवा नाही. अर्धा तास चालू ठेवून मोजलं: बॅटरीवर 12.2, इन्वर्टरपाशी 12.1. फ्यूजच्या होल्डरला उलट्या हाताने स्पर्श केला, कोमटही नव्हता. बॅटरीच्या एका सेलमध्ये ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर बाकीच्यांपेक्षा थोडा खाली दाखवतोय, पण डिस्टिल्ड वॉटर घालून पूर्ण चार्ज झाल्यावर पुन्हा बघू, असं भावजी म्हणाले. तोवर बॅटरी बदलायची नाही.